पीएसएस-१० आशाताईंसाठी मराठीत आणताना: फॅक्टर ॲनालिसिस कधी लागतं?

प्रश्न: मी कम्युनिटी हेल्थ नर्सिंगमध्ये एमएस्सी करते आहे. मराठवाड्यातल्या आशाताईंचा ताण मोजण्यासाठी पीएसएस-१० ही इंग्रजी प्रश्नावली मराठीत वापरायची आहे. नमुना साधारण १२० चा. गाईड म्हणतात फॅक्टर ॲनालिसिस करावंच लागेल. स्टॅटिस्टिक्सचे सर म्हणतात, स्केल आधीच व्हॅलिडेटेड आहे, आल्फा दाखवला की झालं. नेमकं काय करू?

उत्तर:

तुमच्या कामात फॅक्टर ॲनालिसिस, म्हणजे प्रश्नांच्या उत्तरांमागे किती घटक दडले आहेत ते तपासणं, लागेल. मात्र ते कन्फर्मेटरी म्हणजे सीएफए लागेल, एक्स्प्लोरेटरी म्हणजे ईएफए नाही. त्यासाठी १२० माणसं कमी पडतील. आणि त्याआधी शब्दांवर महिना-दोन महिने घालवावे लागतील, कारण ही प्रश्नावली बिघडते ती बहुतेक वेळा भाषांतरात. नंतरच्या आकडेमोडीत फक्त तो बिघाड दिसतो.

सरांचा मुद्दा जिथे अडतो तो असा: "व्हॅलिडेटेड" हा शिक्का कागदावरच्या प्रश्नांवर बसत नाही. अमुक भाषेत, अमुक लोकांत, अमुक कामासाठी हा स्कोअर वापरायला पुरावा आहे, एवढाच त्याचा अर्थ. भाषा बदलली की वाक्यं बदलली, आणि वाक्यं बदलली की दहा प्रश्नांची बेरीज एकच गोष्ट मोजते का, हा प्रश्न पुन्हा उघडा होतो. आल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्यावरून काढलेला विश्वसनीयतेचा आकडा, त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. का देत नाही ते पुढे आकड्यांत दाखवतो.

आधी स्केल नीट पाहून घ्या. पीएसएस मूळ १४ प्रश्नांची, १९८३ साली कोहेन, कमार्क आणि मर्मेलस्टीन यांनी मांडलेली. दहा प्रश्नांचं रूप १९८८ सालचं. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, बेरीज ० ते ४०. दहापैकी सहा प्रश्न त्रासाच्या बाजूने विचारतात. उरलेले चार, म्हणजे ४, ५, ७ आणि ८, निभावून नेण्याच्या बाजूने विचारतात आणि त्यांचे गुण उलटे करायचे असतात: ४ चा ०, ३ चा १, असे. या चार प्रश्नांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. १९८८ मध्येही विश्लेषणात दोन घटक दिसले होते, सहा प्रश्नांचा एक आणि या चारांचा दुसरा. ताण मोजण्यापुरता हा फरक महत्त्वाचा नाही असं धरून बेरीज एकच ठेवली गेली. पुढे अनेक भाषांत हीच फट पुन्हा दिसली. तुमच्या मराठी रूपातही ती दिसेल असं धरूनच चाला. फट किती रुंद आहे, एवढंच शोधायचं आहे.

शब्दांचं काम

आधी कोणी मराठी रूप केलं आहे का ते शोधा आणि मिळालं तर त्यावरूनच सुरुवात करा. नाही मिळालं तर नेहमीची वाट: एकमेकींशी न बोलता दोघींनी मराठी करायचं, त्यातली एक आरोग्याच्या क्षेत्रातली आणि एक बाहेरची. मग दोन्ही रूपं समोर ठेवून एक मसुदा करायचा. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दोघांनी तो परत इंग्रजीत न्यायचा. शेवटी सगळ्यांनी एकत्र बसून प्रत्येक वाक्याचा निर्णय घ्यायचा आणि तो का घेतला ते लिहून ठेवायचं. हे लिहिलेलं पुढे व्हायवामध्ये फार उपयोगी पडतं.

बॅक ट्रान्सलेशन जुळलं म्हणजे भाषांतर चांगलं झालं, हा समज मात्र सोडा. आठव्या प्रश्नात "ऑन टॉप ऑफ थिंग्ज" असा वाक्प्रचार आहे. त्याचं कोणी "सगळ्या गोष्टींच्या वर आहोत असं वाटलं" असं मराठी केलं, तर ते परत इंग्रजीत जाताना अगदी जसंच्या तसं जुळेल. परीक्षक खूश होतील आणि आशाताईंना त्यातून काहीच कळणार नाही. शब्दाला शब्द ठेवलेलं वाईट भाषांतर बॅक ट्रान्सलेशनमध्ये नेहमीच चांगलं दिसतं. इथे "सगळं माझ्या हाताशी, आटोक्यात आहे" असं काहीतरी हवं. ते परत नेताना शब्द वेगळे येतील आणि ते चालेल.

सातवा प्रश्न तर आणखी फसवा आहे. मुळात विचारलं आहे की आयुष्यातल्या त्रासदायक, डोकं उठवणाऱ्या गोष्टी तुम्हाला आटोक्यात ठेवता आल्या का. पहिल्या मसुद्यात हमखास लिहिलं जातं, "तुम्हाला चिडचिडीवर ताबा ठेवता आला का?" वाचायला ठीक वाटतं. पण मराठीत चिडचिड ही आपली स्वतःची असते, बाहेरच्या गोष्टींची नसते. प्रश्नाचा अर्थच फिरला: त्रास आटोक्यात होता का, याऐवजी तुम्ही राग गिळला का, असं विचारलं गेलं. राग गिळणं हा घराघरांत बाईचा गुण मानला जातो. म्हणून जिला सगळ्यात जास्त त्रास आहे आणि जी सगळ्यात जास्त गिळते, तीच इथे "नेहमी" म्हणेल. गुण उलटे केल्यावर तिचा ताण शून्य दिसेल. ही चूक डोक्यात ठेवा, आकड्यांत ती पुन्हा भेटेल.

"नियंत्रण" हा शब्द दुसऱ्या प्रश्नात सहज येतो. आशाताईंच्या रोजच्या कानावर तो हिवताप नियंत्रण, क्षयरोग नियंत्रण असा पडतो, म्हणजे त्यांच्यासाठी तो कार्यक्रमाच्या फायलीतला शब्द आहे. "गोष्टी हाताबाहेर गेल्या" हे त्याच अर्थाचं बोललं जाणारं मराठी. तसंच सहाव्या प्रश्नात "कामांना सामोरं जाता आलं नाही" पेक्षा "कामं उरकत नाहीत" जवळचं आहे. तिसऱ्या प्रश्नात "टेन्शन" वापरायला लाजू नका, बायका तेच म्हणतात.

"गेल्या महिन्यात" या दोन शब्दांचे मराठीत दोन अर्थ होतात. जुलैच्या २० तारखेला विचारलं तर काहीजणी जून महिना धरतील, काहीजणी मागचे तीस दिवस. "आजपासून मागचे तीस दिवस" असं स्पष्ट लिहा आणि त्या दिवसांच्या सुरुवातीची एखादी सगळ्यांना आठवणारी खूण तोंडी सांगा, उदाहरणार्थ आरोग्य केंद्रातली मागची मासिक बैठक, जर ती तेवढ्याच दिवसांपूर्वी झाली असेल तर.

आता उत्तरांचे पाच पर्याय. "बऱ्याचदा", "पुष्कळदा", "वारंवार" यांत चढता क्रम तुमच्या डोक्यात असेल, त्यांच्या डोक्यात असेलच असं नाही. पाच चिठ्ठ्या करा, समोरच्या ताईंना कमी ते जास्त अशा लावायला सांगा. आठ जणींपैकी दोघी-तिघींनी जरी वरच्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली तरी शब्द बदला. "कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, जवळजवळ नेहमी" इथून सुरुवात करून पाहता येईल.

आणि नकाराची अडचण. प्रश्न "कामं उरकत नाहीत असं किती वेळा वाटलं?" असा तोंडी विचारला की ताई म्हणतात, "नाही, नाही उरकत." त्यांना म्हणायचं आहे की हो, असं होतं. मुलाखत घेणारी मुलगी "नाही" ऐकते आणि "कधीच नाही" वर गोल करते. चार गुणांच्या जागी शून्य. यावर उपाय दोन. जमेल तिथे वाक्यातला नकार काढा, जसं की "कामं अंगावर पडून राहिली, असं किती वेळा झालं?" आणि पर्यायांचं कार्ड हातात देऊन बोट ठेवायला सांगा, तोंडी हो-नाही लिहून घेऊच नका.

कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू आणि पायलट

मसुदा झाल्यावर पाच ते आठ आशाताईंची एक फेरी करा, चुकलेले प्रश्न सुधारा, मग नव्या पाच-आठ जणींची दुसरी. कळलं का, असं विचारू नका. सगळ्या हो म्हणतात. प्रश्न वाचून झाला की विचारा, "हे तुमच्या शब्दांत सांगा बरं," आणि उत्तरावर बोट ठेवल्यावर, "बऱ्याचदा म्हणालात, तेव्हा कोणती गोष्ट डोळ्यासमोर होती?" सातव्या प्रश्नाला कोणी सांगितलं की सासूबाई बोलल्या तरी मी उलट बोलले नाही, तर समजा चिडचिडीचा सापळा अजून तिथेच आहे. दुसऱ्या फेरीतही एकाच प्रश्नावर अडखळ होत असेल तर तिसरी करा. आठवड्याचं काम आहे, आणि हे वाचवलं तर पुढे कोणतंही सॉफ्टवेअर ते भरून काढत नाही.

नंतर तीसेक जणींचा पायलट. त्यात फॅक्टर ॲनालिसिस करू नका, तेवढ्या आकड्यांत त्याला काही अर्थ नाही. फक्त पाहा: कोणता प्रश्न रिकामा राहतो, कोणत्या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर येतं, किती वेळ लागतो, आणि कुठे भरून घेतलं जातं. मासिक बैठकीत गटप्रवर्तक समोर बसल्या असताना रांगेत कागद वाटले तर दोन गोष्टी होतात. शेजारणीचं पाहून गोल होतात, आणि "निभावता येतं का?" ला सगळ्या हो म्हणतात. ज्या ताईंची घरची भाषा बंजारा किंवा उर्दू आहे त्यांची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा, पुढे लागेल.

पायलटच्या कागदांवर आणखी एक तपासणी करा. सगळ्या दहा प्रश्नांना एकाच रकान्यात गोल करणाऱ्या किती आहेत ते मोजा. सगळीकडे ० करणारीचा स्कोअर १६ येतो, सगळीकडे ४ करणारीचा २४, आणि मधल्या तिन्ही रकान्यांना १८, २० आणि २२. म्हणजे न वाचता भरलेला प्रत्येक कागद १६ ते २४ च्या दरम्यान पडतो. थिसिसमध्ये सर्रास वापरले जाणारे गट, म्हणजे १३ पर्यंत कमी ताण, १४ ते २६ मध्यम, २७ पासून जास्त, यांत हे सगळे कागद "मध्यम ताण" म्हणून मोजले जातात. बहुसंख्य उत्तरदात्यांना मध्यम ताण आहे, असा निष्कर्ष इतक्या वेळा का दिसतो, याचं एक कारण इथे असू शकतं. ते गटही मूळ स्केलकर्त्यांनी ठरवलेले नाहीत. पीएसएस निदानासाठी नाही आणि तिला अधिकृत कट-ऑफ नाही. सीएफए कितीही छान आला तरी त्यातून कट-ऑफ निघत नाही, त्यासाठी वेगळ्या निकषाशी तुलना करणारा अभ्यास लागतो.

आल्फा पुरेसा का नाही

हे कागदावर करून पाहा. समजा सहा त्रासाचे प्रश्न एकमेकांशी सरासरी ०.४५ ने जुळतात, चार निभावण्याचे (उलटे केल्यावर) एकमेकांशी ०.४० ने, आणि या दोन गटांचा आपसांत संबंध शून्य आहे. म्हणजे इथे सरळ दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जात आहेत. प्रमाणित गुणांवर आल्फा काढायचा तर सहसंबंधांच्या तक्त्याची बेरीज लागते. कर्णावरचे दहा, सहा प्रश्नांच्या ३० जागा गुणिले ०.४५ म्हणजे १३.५, चार प्रश्नांच्या १२ जागा गुणिले ०.४० म्हणजे ४.८, बाकी सगळं शून्य. एकूण २८.३, त्यात कर्णाबाहेरचे १८.३.

```
alpha = (10/9) * (18.3/28.3) = 0.72
```

०.७० च्या वर! थिसिसमध्ये "विश्वसनीयता समाधानकारक" असं लिहून मोकळं होता येईल, आणि बेरीज मात्र दोन एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टींची असेल. आल्फा मोठा येण्यासाठी घटक एकच असावा लागत नाही, प्रश्न पुरेसे असले की भागतं. म्हणून आल्फा द्या, पण सहा प्रश्नांचा, चार प्रश्नांचा आणि दोन बेरजांमधला सहसंबंध असे तीन आकडे शेजारी शेजारी द्या. वरच्या उदाहरणात ते ०.८३, ०.७३ आणि ० असे आले असते, आणि कोणालाही गोष्ट कळली असती.

याच टप्प्यावर प्रत्येक प्रश्नाचा उरलेल्या नऊ प्रश्नांच्या बेरजेशी सहसंबंध पाहा. चारही उलट प्रश्नांचा ठळक ऋण आला तर गुण उलटे करायचे राहिले आहेत, किंवा दोनदा उलटे झाले आहेत. एकट्या सातव्याचा शून्याजवळ आला तर तो चिडचिडीचा प्रश्न आहे. चारही शून्याजवळ असतील तर मुलाखत घेणाऱ्यांनुसार डेटा वेगळा करून पाहा. एकीच्याच कागदांत तसं असेल तर दोष मराठीत नाही, विचारण्याच्या पद्धतीत आहे.

सीएफए का, आणि कसं

ईएफए म्हणजे डेटालाच विचारणं की तुझ्यात किती घटक आहेत. नवे प्रश्न लिहिले असतील, जुने काढले असतील, किंवा स्केलची रचना कोणालाच माहीत नसेल तेव्हा ते विचारायचं. तुमच्याकडे दहा ठरलेले प्रश्न आहेत आणि त्यांच्या रचनेबद्दल आधीपासून ठोस अंदाज आहेत. म्हणून अंदाज आधी लिहून ठेवायचे आणि डेटा त्यांना धरून आहे का ते पाहायचं. तीन मॉडेलं पुरेत: सगळ्यांचा एक घटक, सहा आणि चार असे दोन घटक, आणि एकच ताण, पण चार प्रश्नांना उलट वाक्यरचनेमुळे आलेला एक जास्तीचा धागा.

उत्तरं पाच पायऱ्यांची आणि बहुधा एका बाजूला कललेली असतात, तेव्हा ती ऑर्डिनल म्हणून द्या. आरमध्ये असं:

```r
library(lavaan)
it <- paste0("p", 1:10)   # 4,5,7,8 already reversed
m1 <- 'tan =~ p1+p2+p3+p4+p5+p6+p7+p8+p9+p10'
m2 <- 'tras   =~ p1+p2+p3+p6+p9+p10
       nibhav =~ p4+p5+p7+p8'
m3 <- 'tan  =~ p1+p2+p3+p4+p5+p6+p7+p8+p9+p10
       ulat =~ p4+p5+p7+p8
       tan ~~ 0*ulat'
f2 <- cfa(m2, data=d, ordered=it, estimator="WLSMV", std.lv=TRUE)
fitMeasures(f2, c("df","cfi.scaled","rmsea.scaled","srmr"))
standardizedSolution(f2)
residuals(f2, type="cor")
```

`m1` आणि `m3` साठीही याच ओळी चालवा. पहिली नजर df वर टाका: तीन मॉडेलांचे अनुक्रमे ३५, ३४ आणि ३१ यायला हवेत. वेगळा आकडा आला तर मॉडेल लिहिण्यात चूक आहे, पुढचं वाचू नका.

CFI ०.९५ च्या वर, RMSEA ०.०६ च्या खाली, SRMR ०.०८ च्या खाली, हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. ते सतत मापांसाठी आणि वेगळ्या पद्धतीसाठी सुचवलेले होते, त्यामुळे ऑर्डिनल डेटावर त्यांना कायदा समजू नका. CFI इथे सहज ०.९५ ओलांडतो आणि RMSEA त्याच वेळी ०.१० दाखवतो. अशा वेळी `residuals` चा तक्ता उघडा. ज्या जोड्यांत ०.१० पेक्षा जास्त उरलं आहे त्या वाचा आणि त्या दोन मराठी वाक्यांत काय सारखं आहे ते पाहा. बऱ्याचदा एकच शब्द दोन्हीकडे असतो, जसं "हाताबाहेर" दुसऱ्यातही आणि नवव्यातही. हे कळलं की दोष नेमका कुठे आहे ते कळतं. मॉडिफिकेशन इंडेक्स पाहून बाण जोडत राहिलं तर फिट सुधारतं आणि कळत काहीच नाही.

मग `m2` मधला दोन घटकांचा सहसंबंध. चार प्रश्न उलटे केलेले असल्यामुळे तो धन यायला हवा. ०.६-०.७ च्या आसपास असेल आणि `m3` मध्ये दहाही प्रश्नांचं मुख्य घटकावरचं लोडिंग, म्हणजे प्रश्न त्या घटकाशी किती जोडलेला आहे तो आकडा, ०.४ च्या वर असेल, तर एकच बेरीज वापरायला आधार आहे. ०.१-०.२ असेल तर बेरीज वापरू नका. दोन स्कोअर वेगळे द्या आणि तुमचं मुख्य गृहीतक सहा प्रश्नांच्या स्कोअरवर तपासा. मधल्या पट्ट्यात, ०.३-०.५ ला, दोन्ही द्या: बेरजेवरचा निष्कर्ष आणि फक्त सहा प्रश्नांवरचा. दोन्ही एका दिशेने असतील तर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. हे पर्याय डेटा गोळा करण्याआधी प्रोटोकॉलमध्ये लिहा, नाहीतर सोयीचं निवडल्यासारखं होतं.

एकट्या सातव्याचं लोडिंग ०.१५ आलं आणि बाकी सगळं नीट असेल, तर तो काढून टाकायचा मोह आवरा. नऊ प्रश्नांची बेरीज जगातल्या कोणत्याही पीएसएस-१० अभ्यासाशी ताडता येत नाही. दहा प्रश्नांचा निकाल मुख्य म्हणून द्या, सातव्याशिवायचा शेजारी द्या, आणि त्या वाक्याचा अर्थ कुठे फिरला असावा ते लिहा. पुढच्याला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होईल.

सीएफए पूर्णच कोसळला, म्हणजे तिन्ही मॉडेलं बसली नाहीत, तरच ईएफएकडे वळा. त्यातही एसपीएसएसमधलं आयतं "Principal components" आणि एकपेक्षा मोठ्या eigenvalue चा नियम घेऊ नका. पॉलीकोरिक सहसंबंध, पॅरलल ॲनालिसिसने घटकांची संख्या आणि ऑब्लिक रोटेशन वापरा, कारण ताणाचे घटक आपसांत जुळलेले असणारच. केएमओ ०.८ आला हे व्हॅलिडिटीचं प्रमाण नाही. तक्त्यात विश्लेषण करण्याजोगं काहीतरी आहे, एवढंच तो सांगतो. आणि ईएफएने जी रचना सापडली ती त्याच माणसांवर सीएफएने "सिद्ध" करू नका. ते उत्तरपत्रिका पाहून पेपर लिहिण्यासारखं आहे. नवा नमुना हवा.

१२० चं काय?

"प्रत्येक प्रश्नामागे दहा माणसं" हा नियम लावला तर १०० पुरतात असं वाटेल, पण नमुना किती लागतो ते लोडिंग किती मोठी आहेत आणि घटकामागे किती प्रश्न आहेत यावर ठरतं. इथे दुसऱ्या घटकाला चारच प्रश्न आहेत आणि तेच डळमळीत आहेत. शिवाय १२० जणींत "जवळजवळ नेहमी" वर दोन-तीनच गोल आले की पॉलीकोरिक आकडे हलायला लागतात. `lavaan` रिकाम्या जागांचा इशारा देतं, आणि `m3` मध्ये एखादं लोडिंग १ च्या वर जातं. तसं दिसलं की ते मॉडेल मानू नका.

म्हणून २५० ते ३०० कडे जा. आशाताई साधारण हजार लोकसंख्येमागे एक असतात, म्हणजे एका जिल्ह्याच्या ग्रामीण भागात त्या हजाराहून जास्त मिळू शकतात. चार-पाच तालुक्यांच्या बैठकांच्या तारखा घेतल्या तर हा आकडा आवाक्यात आहे. तुमच्या बॅचमधलं दुसरं कोणी याच मराठी रूपावर काम करणार असेल तर डेटा एकत्र करणं उत्तम, अट एवढीच की शब्द, कार्ड आणि विचारण्याची पद्धत तंतोतंत एक असावी.

आणि खरोखरच १२० च्या पुढे जाता येत नसेल, तर दोन विरळ पर्याय एकत्र करून `m1` आणि `m2` ही दोनच मॉडेलं चालवा, लोडिंगचे कॉन्फिडन्स इंटरव्हल द्या, आणि शीर्षकात "व्हॅलिडेशन" हा शब्द घेऊ नका. "मराठी रूपांतर आणि प्राथमिक तपासणी" म्हणा. कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यूचा तक्ता, म्हणजे मूळ अर्थ, पहिलं मराठी, काय अडलं, शेवटचं मराठी, हा मुख्य निकाल म्हणून मांडा. असा अभ्यास १२० जणींच्या ओढूनताणून केलेल्या ईएफएपेक्षा कितीतरी जास्त कामाचा असतो.

गाईडना एक गोष्ट जरूर सांगा: फॅक्टर ॲनालिसिस प्रत्येक प्रश्नावलीला लागत नाही. याच अभ्यासात तुम्ही आशाताईंना कामाच्या अडचणी विचारणार असाल, मोबदला उशिरा येतो का, रात्री प्रसूतीला जावं लागतं का, मोबाईलवर नोंदी कराव्या लागतात का, तर ती यादी आहे. मोबदला उशिरा आला म्हणून रात्रीची प्रसूती वाढत नाही. त्या गोष्टींच्या मागे एखादं लपलेलं कारण नाही, त्यांची नुसती मोजदाद आहे. तिथे आल्फाही नको आणि घटकही नकोत. ज्ञानाच्या बरोबर-चूक प्रश्नांनाही हे सहसा लावत नाहीत, तिथे प्रश्नाची काठिण्यपातळी पाहतात. आणि तयार मराठी रूप, जवळपास तशाच गटात, एकही शब्द न बदलता वापरत असाल तर आधीच्या सीएफएचा हवाला आणि वरचे तीन आकडे पुरतात. उलट, मराठीत भरणाऱ्या आशाताईंची सरासरी इंग्रजीत भरणाऱ्या नर्सेसशी ताडायची असेल तर साधा सीएफएही अपुरा आहे. दोन्ही गटांत लोडिंग आणि थ्रेशोल्ड सारखे आहेत का, हे मल्टिग्रुप सीएफएने तपासल्याशिवाय सरासऱ्यांतला फरक ताणाचा की भाषेचा, ते सांगता येत नाही. बंजारा-उर्दूचा रकाना ठेवायला सांगितलं ते यासाठीच, निदान सरासरी आणि सातव्या-आठव्या प्रश्नाची उत्तरं वेगळी करून पाहता येतील.

डेटा भरताना मूळ गोल केलेला आकडाच भरा. उलटे गुण वेगळ्या रकान्यांत फॉर्म्युलाने काढा, आणि मुलाखत घेणारीचा कोड व तारीख प्रत्येक ओळीत ठेवा. यातलं काही राहिलं तर वर सांगितलेल्या निम्म्या तपासण्या नंतर करता येत नाहीत.